अठ्ठावन्ननंतर पस्तीस का चालत नाही

दोन याद्या समोर ठेवतो. पहिली: ४०, २२, १०, ३१, २७, ३५, ५८, ४९, ७०. दुसरी: ४०, २२, १०, ३१, २७, ५८, ३५, ४९, ७०. आकडे तेच नऊ, फक्त ३५ आणि ५८ यांनी जागांची अदलाबदल केली आहे. पहिली यादी एका विशिष्ट जातीच्या झाडावरून उतरवून घेतलेली असू शकते. दुसरी तशा कुठल्याही झाडावरून उतरलेली असणं शक्यच नाही. हे ओळखायला झाड काढून बघावं लागत नाही. यादी डावीकडून उजवीकडे एकदा वाचली आणि वाचताना थोडीशी टिपणं ठेवली, की पुरतं.

झाड म्हणजे संगणकवाल्यांचं झाड, मूळ वर आणि फांद्या खाली. प्रत्येक गाठीवर, म्हणजे नोडवर, एक आकडा. नोडच्या खाली जास्तीत जास्त दोन फांद्या, एक डावी आणि एक उजवी. या झाडाला ‘सर्च ट्री’ म्हणवून घ्यायचं असेल तर एक शिस्त पाळावी लागते: कुठल्याही नोडच्या डाव्या फांदीतले सगळे आकडे त्याच्यापेक्षा लहान आणि उजव्या फांदीतले सगळे त्याच्यापेक्षा मोठे. ‘सगळे’ या शब्दावर बोट ठेवा. नोडला थेट चिकटलेलं पोरच नव्हे, त्याच्या खालची नातवंडं-पतवंडंही. या विषयात होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा हा शब्द विसरल्यामुळे होतात.

या शिस्तीचा फायदा उघड आहे. २७ शोधायचा असेल तर ४० पाशी उभं राहून डावीकडे वळायचं, उजवीकडची अख्खी फांदी बघायचीही गरज नाही. झाड बऱ्यापैकी समतोल असेल तर दहा लाख नोंदींतून हवी ती वीसेक तुलनांत सापडते.

आता हे झाड फाइलमध्ये साठवायचं आहे. फाइल ही सरळ ओळ, झाड मात्र पसरलेलं. ओळ करायच्या रीती अनेक आहेत, त्यातली एक म्हणजे प्रीऑर्डर. आधी नोड स्वतः लिहायचा, मग त्याची डावी फांदी पूर्ण, मग उजवी फांदी पूर्ण. आणि प्रत्येक फांदीच्या आत पुन्हा तीच रीत. आपल्या पहिल्या यादीत ४० हा मूळ आहे. मग त्याची डावी बाजू: २२, त्याच्या डावीला १०, उजवीला ३१, आणि ३१ च्या दोन बाजूंना २७ आणि ३५. ती संपली की उजवी बाजू: ५८, ४९, ७०.

सर्च ट्रीसाठी प्रीऑर्डर सोयीची पडते त्याला कारण आहे. ही यादी त्याच क्रमाने एकेक आकडा रिकाम्या झाडात घालत गेलं, तर जसंच्या तसं मूळ झाड परत उभं राहतं. चढत्या क्रमाने लिहून ठेवलेली यादी तशीच घातली तर झाड होतच नाही, उजवीकडे लोंबणारी एक लांबलचक साखळी होते. शिवाय साध्या झाडाची नुसती प्रीऑर्डर दिली तर तिच्यावरून अनेक झाडं निघू शकतात. सर्च ट्रीच्या बाबतीत मात्र, झाड असलंच तर ते एकच असतं.

म्हणजे प्रश्न असा: कुणीतरी आकड्यांची ओळ हातात दिली आणि म्हणालं, ही सर्च ट्रीची प्रीऑर्डर आहे. खरं कशावरून?

सरळ उपाय कुणालाही सुचेल. पहिला आकडा मूळ. त्याच्यानंतर त्याच्याहून लहान आकडे चालू असेपर्यंत डावी फांदी. पहिला मोठा आकडा आला की तिथून उजवी, आणि त्यापुढे लहान आकडा एकही असता कामा नये. मग दोन्ही तुकड्यांवर पुन्हा हेच. उत्तर बरोबर येतं, पण यादी उतरती निघाली तर हाल होतात. प्रत्येक आकड्यासाठी उरलेली सगळी यादी चाळावी लागते. एक लाख आकड्यांची उतरती यादी असेल तर सुमारे पाचशे कोटी तुलना. वर पोटात पोट अशा लाखभर पायऱ्या उतराव्या लागतात, आणि पायथॉनसारखी भाषा मुळात हजाराच्या आसपासच थांबवते.

यापेक्षा चांगला मार्ग सापडतो तो दुसऱ्या बाजूने विचार केल्यावर. यादी वाचणारा झाडावर कुठे उभा आहे, ते बघू या.

४०, २२, १० असे आकडे उतरत जातात तोवर आपण डावीकडे खाली खाली चाललो आहोत. मागे टाकलेल्या प्रत्येक नोडची उजवी बाजू अजून बाकी आहे. मग ३१ येतो. तो १० पेक्षा मोठा, २२ पेक्षाही मोठा, पण ४० पेक्षा लहान. म्हणजे आपण २२ च्या उजव्या फांदीत शिरलो. इथे काहीतरी कायमचं घडलं. प्रीऑर्डरमध्ये डावी फांदी पूर्ण झाल्याशिवाय उजवीत पाऊल पडत नाही, तेव्हा २२ ची डावी बाजू आता बंद झाली. यापुढे जे येईल ते एकतर २२ च्या उजव्या फांदीतलं असेल, किंवा २२ चं सगळं खातं मिटून त्याच्या वरच्या एखाद्या पूर्वजाच्या उजवीकडचं असेल. दोन्हीकडचे आकडे २२ पेक्षा मोठेच. म्हणून ३१ दिसला त्या क्षणापासून यादीच्या शेवटापर्यंत २२ पेक्षा लहान आकडा येणं निषिद्ध.

सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे. एक खालची मर्यादा असते, ती वाढत जाते, कधीही खाली येत नाही. तिच्याखालचा आकडा दिसला की यादी बाद.

ही मर्यादा चालवायला कुठले नोड अजून ‘उघडे’ आहेत, म्हणजे कुणाच्या उजवीकडे जायचं बाकी आहे, हे लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी स्टॅक. भाकऱ्यांच्या चवडीसारखी ही रचना: नवीन ठेवायचं ते वर, काढायचं तेही वरूनच, मधला हात घालून ओढायचा नाही. म्युनिकच्या फ्रिडरिश बाउअर आणि क्लाउस झामेलझोन यांनी १९५७ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यांच्यापुढचा प्रश्न कंसांच्या आत कंस असलेली गणितं सोडवण्याचा होता. आत शिरत जायचं, मग उलट्या क्रमाने बाहेर पडायचं. झाडात उतरणं हेही मुळात तेच.

आता पहिली यादी वाचू. सुरुवातीला स्टॅक रिकामा आणि मर्यादा काहीच नाही. ४० ठेवला, २२ त्याच्यावर, १० त्याच्यावर. ३१ आल्यावर स्टॅकच्या माथ्यावरचे आपल्यापेक्षा लहान आकडे तो काढून टाकतो: आधी १०, मग २२. त्याखाली ४० आहे, तो मोठा, म्हणून तिथे थांबायचं. शेवटी काढलेला २२ ही नवी मर्यादा. ३१ माथ्यावर बसला, स्टॅकमध्ये ४०, ३१. मग २७: मर्यादा २२, तिच्यापेक्षा तो मोठा, चालेल. माथ्यावरचा ३१ त्याच्याहून मोठा असल्याने काढायचं काही नाही, २७ वर बसला. ३५ ने २७ आणि ३१ काढले, मर्यादा ३१, स्टॅकमध्ये ४०, ३५. ५८ ने ३५ काढला, मग ४० ही काढला. मर्यादा ४०. मूळच निघालं, म्हणजे आपण झाडाच्या उजव्या अर्ध्यात आलो. ४९ मर्यादेच्या वर आहे, ५८ वर जाऊन बसला. ७० ने ४९ आणि ५८ काढले, मर्यादा ५८ झाली. यादी संपली, कुठेही अडलं नाही. खरी प्रीऑर्डर.

दुसरी यादी २७ पर्यंत हुबेहूब तशीच चालते: स्टॅकमध्ये ४०, ३१, २७ आणि मर्यादा २२. पुढचा आकडा ५८. तो २७, ३१, ४० असे तिन्ही काढतो. मर्यादा झाली ४०. आणि पुढे ३५. चाळीसची डावी बाजू बंद झाल्यावर पस्तीस आला, यादी बाद. नुसत्या शेजाऱ्याकडे बघणाऱ्याला हे दिसणार नाही, कारण ५८ च्या डावीला ३५ हे जोडपं त्यांच्यापुरतं अगदी कायदेशीर आहे. आक्षेप आहे तो आजोबांचा, ४० चा.

हे सगळं पायथॉनमध्ये एवढंच होतं:

```python
def preorder_ok(a):
    low = float("-inf")
    stack = []
    for x in a:
        if x < low:
            return False
        while stack and stack[-1] < x:
            low = stack.pop()
        stack.append(x)
    return True
```

आत लूपमध्ये लूप बघून हे संथ असेल असं वाटतं. पण हिशोब आकड्यांच्या बाजूने मांडा. प्रत्येक आकडा स्टॅकवर एकदाच बसतो आणि फार तर एकदा निघतो. आपल्या पहिल्या यादीत नऊ बसले, आठ निघाले. लाखभर आकड्यांना दोन लाखांच्या वर ठेवणं-काढणं होऊच शकत नाही, यादी उतरती असो की चढती. मघाचे पाचशे कोटी आठवले तर फरक कळेल.

मर्यादेखालचा आकडा आला तर यादी खोटी, हे आपण पाहिलं. पण आकडा अडलाच नाही तर झाड नक्की असतं का? असतं, आणि हाच कोड ते बांधूनही देतो. नव्या आकड्याने काहीच काढलं नाही, तर तो माथ्यावरच्या नोडचं डावं मूल. माथ्यावर असतो तो आत्ताच बसलेला, त्याला अजून मूल नाही, जागा रिकामीच. आणि काढलं असेल तर शेवटी काढलेल्याचं उजवं मूल. तो नोड स्टॅकमधून एकदाच निघतो, म्हणून ती जागाही दुसऱ्या कुणी बळकावलेली नसते. प्रत्येकाला हक्काची जागा मिळते, आणि ती एकच असते.

आता एक गंमत. पहिल्या यादीत स्टॅकमधून निघालेले आकडे निघाल्या क्रमाने लिहा: १०, २२, २७, ३१, ३५, ४०, ४९, ५८, आणि शेवटी उरलेला ७०. चढता क्रम! मर्यादा कधी खाली येत नाही याचंच हे दुसरं रूप. काढलेला प्रत्येक आकडा हीच तेव्हाची मर्यादा होती.

डोनाल्ड क्नुथ यांनी १९६८ साली ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या पहिल्या खंडात स्टॅक समजावताना रेल्वेचं यार्ड काढलं. एकच आंधळी सायडिंग आहे. डबे एकेक करून आत ढकलता येतात, शेवटचा आत गेलेला पहिला बाहेर येतो. कोणत्या क्रमाने आलेले डबे या सायडिंगच्या मदतीने क्रमवार लावता येतील? उत्तर: मधला, मोठा, लहान अशा क्रमाने येणारे कुठलेही तीन डबे त्यात नसतील तेव्हाच. दोन नंबरचा डबा सायडिंगमध्ये आहे आणि तीन नंबरचा आला. तीनला त्याच्यामागे ढकललं तर तो दोनच्या वाटेत उभा राहील. म्हणून आधी दोनला बाहेर काढावं, तर एक नंबर अजून यायचाच आहे. कोंडी.

आपली दुसरी यादी याच कोंडीत सापडते: ४०, ५८, ३५. मधला, मोठा, लहान. सर्च ट्रीची प्रीऑर्डर असणं आणि एका सायडिंगवर क्रमवार लावता येणं, ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत. झाडाचा प्रश्न घेऊन निघालो आणि रेल्वे यार्डात पोचलो, हे मला या विषयातलं सगळ्यात देखणं वळण वाटतं.

त्यामुळे मोजणीही फुकटात मिळते. तीन आकडे सहा प्रकारे मांडता येतात. त्यातली फक्त २, ३, १ ही मांडणी बाद, पाच खऱ्या. चार आकड्यांच्या चोवीसपैकी चौदा खऱ्या. १, २, ५, १४, ४२ अशी ही कॅटलान संख्यांची ओळ आहे. दहा आकड्यांच्या ३६,२८,८०० मांडण्यांपैकी फक्त १६,७९६ खऱ्या ठरतात, म्हणजे साधारण २१६ त एक. दहा आकडे डोळे मिटून पिसले तर ही तपासणी बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणणार.

कोड छोटा आहे, म्हणून तो चुकत नाही असं नाही. हमखास होणारी चूक म्हणजे `while` च्या जागी `if` लिहिणं. मग आकडा एकालाच काढून थांबतो. ५०, ३०, ४०, ६०, ४५ ही यादी त्या कोडला द्या. ६० आल्यावर तो फक्त ४० काढेल, ५० तसाच आत राहील, मर्यादा ४० वर अडकेल आणि ४५ बिनबोभाट पास होईल. खरं तर ६० ने ५० ची डावी बाजू बंद केलेली आहे, तिथे ४५ ला जागा नाही. छोट्या उदाहरणांत ही चूक लपून राहते, कारण ती दिसायला एकाच आकड्याने दोघांना काढावं लागतं आणि नंतर नेमक्या त्या दोघांच्या मधला आकडा यावा लागतो.

दुसरी चूक सुरुवातीच्या मर्यादेची. काहीजण ती ० ठेवतात, मग यादीत उणे आकडे आले की पहिल्याच पावलावर यादी बाद होते. तिसरी बाब चुकीची नाही, करार न केल्याची आहे: सारखे आकडे. वरचा कोड दुसऱ्या ४० ला पहिल्या ४० च्या डावीकडे बसवतो, पण ४०, ४०, ५८, ४० हेही चालवून घेतो, म्हणजे एक चाळीस डावीकडे आणि एक उजवीकडे. सारखे आकडे डावीकडेच जातील असं ठरवायचं असेल तर `x < low` ऐवजी `x <= low` लिहावं लागतं. उजवीकडे पाठवायचे असतील तर ती ओळ आहे तशीच राहू द्यायची आणि काढण्याच्या अटीत `<=` घालायचं. एकही दोनदा येत नसेल तर यातलं काहीच नको.

जागेचीही बचत करता येते. स्टॅक कधीच वाचून झालेल्या आकड्यांपेक्षा लांब नसतो, म्हणून तो यादीच्याच वाचलेल्या भागावर लिहिता येतो. वेगळी जागा जवळजवळ शून्य. बदल्यात मूळ यादी खराब होते. ती पुढे लागणार असेल तर हा व्यवहार परवडत नाही, आणि सहसा ती लागतेच.

तपासणी ‘नाही’ म्हणाली की ज्या आकड्यावर ती अडली तोच बिघडलेला, असं समजण्याचा मोह होतो. पहिल्याच यादीत २७ च्या जागी चुकून ४५ पडला असं समजा: ४०, २२, १०, ३१, ४५, ३५ आणि पुढे. ४५ आला, त्याने ३१ आणि ४० काढले, तपासणी खुशाल पुढे गेली. अडली ती ३५ वर, आणि ३५ बिचारा मुळात होता तिथेच आहे. तेव्हा दोष सांगताना एक आकडा न सांगता तिघांची नावं द्यावीत: मर्यादा असलेला ४०, त्याला काढणारा ४५ आणि अडलेला ३५. यातला एक तरी जागेवर नाही, एवढंच छातीठोकपणे म्हणता येतं.

‘हो’ म्हणाली तर काय कळतं? वाटतं त्यापेक्षा कमी. बाद ठरायला मधला-मोठा-लहान असं त्रिकूट लागतं. खऱ्या यादीतून काही आकडे गळाले तर नवं त्रिकूट तयार होत नाही, कारण उरलेले आपापल्या क्रमातच असतात. म्हणून खऱ्या प्रीऑर्डरमधून कितीही आणि कुठलेही आकडे काढा, उरते तीही कुठल्यातरी झाडाची खरी प्रीऑर्डरच. पहिल्या यादीतून ४० आणि ३१ पुसून टाका. २२, १०, २७, ३५, ५८, ४९, ७० ही यादी तपासणीतून सहज सुटते. झाडाचं मूळ गेलं, २२ त्या जागी आला, उरलेल्यांची रचना पार बदलली, आणि कोड म्हणतो सगळं ठीक. फाइल लिहिताना वीज गेली आणि निम्मीच लिहिली गेली, तरी उत्तर तेच. एखादा आकडा त्याला मोकळ्या असलेल्या पट्ट्यातच बदलला, म्हणजे २७ चा २४ झाला, तर तेही दिसत नाही.

त्यामुळे झाड फाइलमध्ये साठवताना पहिल्या ओळीत नोंदींची संख्या आणि शेवटी एक चेकसम लिहून ठेवावा. वाचताना आधी संख्या जुळवायची, मग चेकसम, आणि त्यानंतर स्टॅक. पहिल्या दोन गोष्टी सांगतात की जे लिहिलं तेच परत आलं. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनेच झाड चुकीच्या क्रमाने उतरवलं असेल, उजवी फांदी आधी आणि डावी नंतर, तर संख्या जुळते, चेकसम जुळतो, आणि ५८, ७० नंतर ४९ बघून स्टॅक अडतो.